इन्फ्ल्यूएंझा लस : रक्तस्रावप्रवण व्यक्तींमधील वापर

इन्फ्ल्यूएंझा लस : रक्तस्रावप्रवण व्यक्तींमधील वापर : इन्फ्ल्यूएंझा म्हणजेच फ्लू या विषाणुजन्य रोगाविरुद्धची लस सर्वसाधारणपणे दंडाच्या स्नायूत टोचून दिली जाते. रक्त पातळ ठेवणारी औषधे नियमितपणे घेणाऱ्या, तसेच हीमोफिलियासारखे रक्तस्रावी रोग असणाऱ्या व्यक्तींच्या बाबतीत या टोचणीने स्नायूत रक्त साकळण्याची भीती असते. या भीतीमुळे अशा व्यक्तींना पूर्वी लस नाकारली जात असे किंवा ती स्नायूऐवजी त्वचेखाली दिली जात असे. आज बहुतेक प्रसंगी यांपैकी कशाचीच गरज नसल्याचे मानले जाते. लस तीच आणि मात्राही तीच राहते. सुईची जाडी, टोचल्यानंतरचा दाब आणि टोचण्याची वेळ या तीन गोष्टींत मात्र बदल केला जातो. या बदलांमागील कारणे रक्त थांबण्याच्या क्रियेत आहेत.

रक्त थांबण्याची क्रिया : सुईने रक्तवाहिनीला सूक्ष्म छेद गेला की शरीर तो दोन टप्प्यांत बुजविते. पहिल्या टप्प्यात रक्तातील बिंबाणू, म्हणजेच प्लेटलेट, छेदाच्या कडांना चिकटतात व काही मिनिटांत एक सैलसर बूच तयार होते. दुसऱ्या टप्प्यात रक्तातील क्लथन घटक एकामागून एक कार्यान्वित होतात आणि त्या बुचाभोवती फायब्रिन नावाच्या प्रथिनाचे घट्ट जाळे विणले जाते. जाळ्यावाचून बूच फार काळ टिकत नाही [⟶ रक्तक्लथन].

रोग वा औषध यांपैकी कोणता टप्पा दुबळा करते, यावर रक्तस्रावाचे स्वरूप अवलंबून असते. बिंबाणू कमी असतील किंवा नीट काम करीत नसतील, तर रक्त टोचल्या क्षणापासून झिरपत राहते. हीमोफिलियात बिंबाणू चांगले असतात, त्यामुळे टोचल्यानंतर रक्त नेहमीप्रमाणेच थांबते आणि सर्व ठीक असल्याचा समज होतो. परंतु जाळे न विणले गेल्यामुळे काही तासांनी बूच सुटते व स्नायूच्या आत रक्त पुन्हा वाहू लागते. रक्त पातळ करणारी ॲसिनोकूमरॉल, वॉरफॅरिन किंवा अपिक्झाबान यांसारखी औषधेही याच दुसऱ्या टप्प्यावर परिणाम करतात. म्हणून टोचल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांइतकेच त्यानंतरच्या काही तासांकडेही लक्ष द्यावे लागते.

त्वचेतून होणारा रक्तस्राव डोळ्यांना दिसतो व बोटाने दाबता येतो. स्नायूतील रक्तस्राव खोलवर, वेष्टनाच्या आत होतो. तेथे साठलेल्या रक्ताच्या गाठीने स्नायू ताणला जातो, आणि गाठ फार वाढल्यास जवळच्या नसांवर व रक्तवाहिन्यांवर दाब येतो. अंतःस्नायू टोचणीविषयीच्या भीतीचे मूळ येथे आहे.

लसीची गरज : लस टाळली म्हणजे धोका टळला असे होत नाही. फ्लूचा ताप आला की भूक मंदावते, खाणे घटते आणि त्यामुळे वॉरफॅरिन वा ॲसिनोकूमरॉल घेणाऱ्यांच्या रक्ताचा पातळपणा मर्यादेबाहेर जाऊ शकतो. फुप्फुसशोथ होऊन प्रतिजैविके द्यावी लागली, तर त्यांपैकी काही औषधे हा परिणाम आणखी वाढवितात. अंगदुखीसाठी दुकानातून परस्पर घेतलेल्या आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरीन यांच्या गोळ्या बिंबाणूंचे कार्य रोखतात व जठरातून रक्तस्राव घडवू शकतात. अशा रुग्णांना तापासाठी पॅरासिटामॉल देतात, परंतु तेही अनेक दिवस पूर्ण मात्रेत घेतल्यास वॉरफॅरिनचा परिणाम वाढवू शकते. शिवाय रक्त पातळ करणारी औषधे घेणारे बहुसंख्य लोक हृदयाच्या झडपांचे विकार, हृदयाची अनियमित गती किंवा पूर्वी झालेला पक्षाघात यांचे रुग्ण असतात. फ्लूमुळे गंभीर आजारी पडण्याचा संभव ज्यांत अधिक, अशाच गटात ते मोडतात.

महाराष्ट्रात 2009 च्या जागतिक साथीचा मोठा तडाखा पुणे शहराला बसला. एच1एन1 विषाणूमुळे झालेला भारतातील पहिला मृत्यू त्याच शहरात 3 ऑगस्ट 2009 रोजी नोंदला गेला. पुढे हा विषाणू नेहमीच्या हंगामी फ्लूचाच भाग झाला. राज्य शासनाने 2015 साली गरोदर स्त्रिया, मधुमेही व उच्च रक्तदाबाचे रुग्ण अशा जोखमीच्या गटांसाठी विनामूल्य लस उपलब्ध करून दिली. राज्यात फ्लूचा मुख्य जोर पावसाळ्यात, साधारणपणे जुलै ते सप्टेंबर या काळात असतो. लस टोचल्यानंतर पुरेशी प्रतिपिंडे तयार होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. त्यामुळे पावसाळा सुरू होण्यापूर्वी, म्हणजे मे महिन्यात किंवा जूनच्या आरंभी, लस घेणे श्रेयस्कर ठरते. विषाणूचे प्रकार बदलत असल्याने ती दर वर्षी घ्यावी लागते. म्हणजेच टोचणीविषयीची काळजीही दर वर्षी घ्यावयाची असते.

टोचण्याच्या पद्धतीतील बदल : सुईची जाडी गेज या मापाने सांगतात आणि हा आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक असते. 23 गेजच्या सुईचा बाहेरील व्यास सुमारे 0.6 मिमी., तर 25 गेजच्या सुईचा सुमारे 0.5 मिमी. असतो. रक्तस्रावप्रवण व्यक्तीसाठी 23 गेजची किंवा तीहून बारीक सुई वापरावी असा संकेत आहे. हीमोफिलियाच्या रुग्णांसाठी शक्य असल्यास 25 गेज किंवा तीहून बारीक सुई घेतात. प्रौढासाठीची मात्रा फक्त 0.5 मिलि. असल्याने बारीक सुईतूनही ती सहज जाते.

सुई बारीक असावी, पण आखूड असू नये. प्रौढाच्या दंडात त्वचा व चरबी यांचा थर ओलांडून स्नायूपर्यंत पोहोचण्यासाठी साधारणपणे 25 मिमी. लांबीची सुई लागते. बारीक सुईच्या शोधात इन्शुलिनची आखूड सुई वापरली, तर लस चरबीतच राहते. रक्तस्राव टळावा म्हणून केलेल्या या बदलाने लसीचाच परिणाम उणावण्याचा संभव असतो.

टोचण्याची जागा म्हणजे खांद्याच्या हाडाखालील त्रिकोणी स्नायूचा जाडसर मध्यभाग होय. एक वर्षाखालील बालकांना मांडीच्या पुढील-बाहेरील भागात टोचतात. कुल्ल्यात टोचणे कटाक्षाने टाळतात, कारण तेथील स्नायू मोठे व खोल असल्याने साठलेले रक्त लवकर ध्यानात येत नाही आणि मांडीकडे जाणारी मोठी नस जवळ असते. दंडावर मात्र सूज लगेच दिसते, हाताला लागते आणि तेथे दाब देणेही सोपे असते.

सुई काढल्यानंतर त्या जागी कोरड्या कापसाने किंवा जाळीच्या कापडाने सलग आणि घट्ट दाब द्यावा लागतो. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांच्या बाबतीत हा दाब निदान दोन मिनिटे देतात. हीमोफिलिया व तत्सम विकारांत दहा मिनिटे दाब देण्याची शिफारस जागतिक हीमोफिलिया महासंघ व त्याच्या सहयोगी संस्थांनी कोव्हिड लसीकरणाच्या वेळी केली होती आणि फ्लूच्या लसीलाही तोच न्याय लागू पडतो. दाब देताना घड्याळ पाहावे, कारण अंदाजाने दिलेली दोन मिनिटे बहुधा अर्ध्या मिनिटातच संपतात. दाब देणे म्हणजे चोळणे नव्हे. टोचल्यावर जागा चोळण्याची सवय सर्वत्र आढळते. परंतु चोळल्याने नुकतेच तयार झालेले बूच सरकते आणि जी गोष्ट टाळावयाची तीच घडते. लस टोचणाऱ्याला याची कल्पना टोचण्यापूर्वीच द्यावी लागते.

रक्त पातळ करणारी औषधे घेणारे रुग्ण : वॉरफॅरिन व ॲसिनोकूमरॉल यांचा परिणाम आय. एन. आर. या रक्तचाचणीने मोजतात. निरोगी माणसात ही संख्या 1 च्या आसपास असते. हृदयाची अनियमित गती असणाऱ्यांत ती 2 ते 3 यांच्या दरम्यान ठेवतात, तर काही कृत्रिम झडपांसाठी याहून थोडी अधिक ठेवतात. रुग्णाची चाचणी वेळेवर झालेली असेल आणि शेवटचा आकडा त्याच्यासाठी ठरविलेल्या वरच्या मर्यादेच्या आत असेल, तर स्नायूत लस टोचण्यास हरकत नसते. आकडा मर्यादेबाहेर असेल किंवा बरेच दिवस चाचणीच झालेली नसेल, तर आधी चाचणी करून औषधाची मात्रा स्थिर करतात व मग लस देतात. अपिक्झाबान, रिव्हरॉक्साबान, डॅबिगाट्रान या नव्या औषधांना अशी नियमित चाचणी लागत नाही. सोयीचे असल्यास त्यांची पुढची मात्रा घेण्याच्या जरा आधी लस टोचून घेता येते, कारण त्या वेळी औषधाचा रक्तातील अंश सर्वांत कमी असतो. ॲस्पिरीन किंवा क्लोपिडोग्रेल यांपैकी एखादी गोळी घेणाऱ्यास दाब अधिक वेळ देण्यापलीकडे विशेष काही करावे लागत नाही.

लसीसाठी ही औषधे बंद करणे मात्र धोक्याचे आहे. दंडातील लहानशी गाठ काही दिवसांत विरते. कृत्रिम झडपेवर किंवा हृदयाच्या कप्प्यात धरलेली गुठळी मेंदूत गेली, तर कायमचे पंगुत्व येऊ शकते. लस घेण्याआधी रुग्णाने परस्पर दोन-तीन दिवस गोळ्या थांबविल्या असतील, तर त्या गोष्टीची सुईपेक्षा अधिक काळजी करावी लागते.

स्नायूत टोचणे खरोखर सुरक्षित आहे काय, याची पद्धतशीर परीक्षा स्पेनमधील बार्सेलोना परिसरातील आरोग्य केंद्रांत झाली. रक्त पातळ करणारी औषधे तोंडाने घेणाऱ्या 229 रुग्णांची चिठ्ठ्या टाकण्यासारख्या पद्धतीने दोन गटांत विभागणी करून एका गटाला फ्लूची लस स्नायूत, तर दुसऱ्याला त्वचेखाली देण्यात आली. लस देण्यापूर्वी व दिल्यानंतर दंडाचा घेर फितीने मोजण्यात आला. आत रक्त साकळले असते तर घेर वाढलेला दिसला असता. या परीक्षेचा 2008 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष स्नायूतील टोचणीच्या बाजूने होता. घेर वाढण्याच्या दृष्टीने दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता आणि त्वचेखाली लस दिलेल्यांत जागेवर लालसरपणा येण्याचे प्रमाण उलट अधिक होते.

हीमोफिलियाचे रुग्ण : हीमोफिलिया ए या आनुवंशिक रोगात क्लथन घटक आठ, तर हीमोफिलिया बी मध्ये घटक नऊ कमी असतो. घटकाचे प्रमाण सामान्याच्या 1 टक्क्याहून कमी असल्यास रोग तीव्र, 1 ते 5 टक्के असल्यास मध्यम आणि त्याहून अधिक असल्यास सौम्य मानतात. ज्यांचे मूळ प्रमाण 10 टक्क्यांहून अधिक आहे, त्यांना लसीपूर्वी घटक देण्याची सहसा गरज नसते. बारीक सुई व दीर्घ दाब पुरतो. तीव्र व मध्यम रोगात मात्र घटकाचे इंजेक्शन शिरेतून आधी देऊन त्याच दिवशी लस टोचतात. क्रम उलटा झाल्यास बूच सुटण्याचा धोका निष्कारण ओढवून घेतला जातो.

याचे गणित सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील टेंभुर्णीसारख्या गावाच्या संदर्भात पाहता येईल. पुणे-सोलापूर महामार्गावरील या गावी राहणारा, 50 किग्रॅ. वजनाचा, तीव्र हीमोफिलिया ए असलेला तरुण कल्पिला, तर त्याला नियमित घटक घेण्यासाठी मोठ्या शहरातील केंद्रात जावे लागेल असे समजू. घटक आठचे एक एकक दर किलोग्रॅम वजनामागे रक्तातील प्रमाण सुमारे 2 टक्क्यांनी वाढविते. सकाळी नऊ वाजता त्याला 1000 एकके दिली, तर दर किलोग्रॅमला 20 एकके पडतात आणि प्रमाण सुमारे 40 टक्क्यांवर जाते. हे प्रमाण साधारण बारा तासांत निम्मे होते असे धरल्यास रात्री नऊ वाजता ते 20, दुसऱ्या दिवशी सकाळी 10 आणि तिसऱ्या दिवशी सकाळी अवघे 2.5 टक्के उरते. लस साडेनऊला, केंद्रातच टोचून घेतली, तर बूच पक्के होण्याचा सारा काळ पुरेशा घटकाच्या छत्राखाली जातो. तोच तरुण घटक घेऊन गावी परतला व ‘सवडीने’ दोन दिवसांनी लस टोचून घेतली, तर तो जवळजवळ असंरक्षित असतो. बारा तास हा आकडा सरासरीचा आहे. लहान मुलांत घटक याहून लवकर संपतो. म्हणून प्रत्यक्ष मात्रा रुग्णाचे डॉक्टरच ठरवितात.

लस शहरातून विकत घेऊन गावी आणण्याचा पर्याय सोपा वाटला, तरी त्यात आणखी एक अडचण असते. लस 2° ते 8° से. तापमानात ठेवावी लागते. सोलापूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा 40° से. च्या वर जातो. तशा उन्हात एस. टी. च्या प्रवासात पिशवीतून आणलेली लस बिघडू शकते, आणि बर्फाला थेट चिकटून गोठलेली लसही निकामी होते. बिघाड नुसत्या नजरेला दिसेलच असे नाही. त्यामुळे लस रुग्णाकडे नेण्याऐवजी रुग्णाने घटकाच्या दिवशी लसीकडे जाणे अधिक हिताचे ठरते.

एमिसिझुमॅब हे त्वचेखाली टोचावयाचे नवे औषध घेणाऱ्यांत क्लथनशक्ती दिवसभरात फारशी खाली-वर होत नाही. त्यांना लस कोणत्याही दिवशी, बहुधा अधिक घटक न देता, टोचता येते. फॉन विलेब्रांट रोगात मूळ प्रमाण पाहून निर्णय घेतात. ज्यांच्या रक्तात घटकाविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण झालेली असतात, त्यांना नेहमीचा घटक उपयोगी पडत नसल्याने त्यांची योजना स्वतंत्रपणे आखावी लागते. बिंबाणू फार कमी असलेल्या रुग्णांच्या बाबतीतही आधी त्यांची संख्या मोजून तज्ञाचे मत घेतात.

इतर मार्ग : काही उत्पादकांच्या लसी रक्तस्रावी रोगात त्वचेखाली देण्यास मुभा असते आणि स्नायूत टोचणे अगदीच अशक्य असेल तेव्हा तो मार्ग पत्करतात. मात्र ही मुभा प्रत्येक लसीला नसते. लसीबरोबर येणाऱ्या माहितीपत्रकात ती पाहावी लागते.

सुईच टाळणारा मार्ग पुण्यातून आला. सीरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया या संस्थेने 2010 साली नाकात फवारावयाची नॅसोव्हॅक ही एच1एन1 विरुद्धची लस बाजारात आणली. तीत दुर्बल केलेला जिवंत विषाणू असतो. अशा लसीने रक्तस्रावाचा प्रश्न मिटला, तरी इतर मर्यादा येतात. गरोदर स्त्रिया, प्रतिकारशक्ती क्षीण झालेले रुग्ण व तीव्र दमेकरी यांना जिवंत लस देत नाहीत. हृदयविकारामुळे दीर्घकाळ ॲस्पिरीन घेणाऱ्या मुलांनाही ती वर्ज्य आहे, कारण फ्लूचा विषाणू व ॲस्पिरीन एकत्र आल्यास यकृत व मेंदू यांना इजा करणारा रे संलक्षण हा विकार उद्भवू शकतो. म्हणजे ज्याला सुई नको असे वाटते, त्याला फवाराही चालेलच असे नाही.

रक्त साकळल्याची लक्षणे : लस टोचल्यावर दंड दुखणे हे बहुतेकांत घडते. हे दुखणे पहिल्या दिवशी जाणवते, दोन दिवसांत ओसरते आणि हात वर उचलता येतो. रुपयाच्या नाण्याएवढा निळसर डागही चिंतेचा नसतो. आत रक्त साठत असेल, तर चित्र उलटे असते. दुखणे कमी होण्याऐवजी वाढत जाते, दंड टणक व ताणलेला लागतो, सूज पसरते, आणि नसेवर दाब आल्यास बोटांना मुंग्या येतात किंवा हात बधिर होतो. म्हणून हीमोफिलियाच्या रुग्णाने टोचल्यानंतर काही मिनिटांनी आणि पुन्हा दोन ते चार तासांनी जागा डोळ्यांनी पाहावी व बोटांनी चाचपावी. संशय आल्यास दंडाचा घेर एकाच जागी फितीने मोजून तासाभराने पुन्हा मोजल्यास वाढ निश्चितपणे कळते.

सूज वाढत असल्यास हात स्थिर ठेवून कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा वेळ लावतात आणि विलंब न करता उपचार केंद्राशी संपर्क साधतात. हीमोफिलियात अशा वेळी घटकाची आणखी मात्रा द्यावी लागते. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांत आय. एन. आर. तपासावा लागतो. गाठीत सुई घालून रक्त काढण्याचा किंवा दंड शेकून चोळण्याचा प्रयत्न करीत नाहीत, कारण दोहोंनी रक्तस्राव वाढतो. लस घेतल्यानंतर एक-दोन दिवस थोडा ताप येऊ शकतो. तो रक्तस्रावाचे लक्षण नसतो. मात्र तापाबरोबर अंगावर पुरळ, धाप लागणे किंवा ओठ-चेहऱ्यावर सूज आढळल्यास ती लसीची वावडी असू शकते आणि तिच्यावर तातडीने वेगळे उपचार करावे लागतात.